भाडेवाढ आणि थकलेलं लाईटबिल: एका पत्रात दोन विषय कसे मांडायचे

घरमालक भाडेकरूला पत्र लिहायला बसतो तेव्हा डोक्यात बहुधा एकच आकडा असतो: येणं किती. भाडं हजार रुपयांनी वाढवायचंय आणि तीन महिन्यांचं लाईटबिल राहिलंय, म्हणून तो एका दमात लिहून टाकतो, "ऑगस्टपासून भाडं पंधरा हजार, मागचे लाईटचे सहा हजार लगेच द्या, नाहीतर लाईट बंद करावी लागेल." या एका वाक्यात तीन चुका आहेत. त्या कोणत्या हे कळलं की पत्र नीट लिहिता येतं, आणि भाडेकरूलाही ते नीट वाचता येतं.

मुळात हे दोन विषय वेगळ्या जातीचे आहेत. भाडेवाढ पुढच्या काळाची असते. ती प्रस्ताव असते आणि समोरच्याने हो म्हटल्याशिवाय लागू होत नाही. थकलेलं बिल मागच्या काळाचं असतं. ती मागणी असते. तिला समोरच्याची संमती लागत नाही, पण हिशेब लागतो. प्रस्तावाला हिशेब जोडला आणि मागणीला फक्त आवाज चढवला की पत्र फसतं. एका कागदावर दोन्ही लिहायला हरकत नाही, पण दोन वेगळ्या परिच्छेदांत लिहावं, आणि एकाची अट दुसऱ्याला बांधू नये.

पुढचं सगळं एका उदाहरणावर समजून घेऊ. महाराष्ट्रातल्या कुठल्याही शहरात दिसेल असं दुमजली घर. खाली घरमालक, वरच्या मजल्यावर भाडेकरू कुटुंब. लिव्ह अँड लायसन्सचा अकरा महिन्यांचा नोंदणीकृत करार, १ सप्टेंबर २०२५ ते ३१ जुलै २०२६. भाडं १४,००० रुपये, अनामत ४०,०००. महावितरणचा मीटर एकच, घरमालकाच्या नावावर. वरच्या मजल्यासाठी जिन्याखाली एक सब-मीटर बसवलेला.

भाड्याचं कलम आधी करारात शोधा

पत्र लिहिण्याआधी करार उघडून एवढंच पाहायचं की मुदतीच्या मधे भाडं वाढवण्याची तरतूद आहे का. बावीस, तेहेतीस किंवा छत्तीस महिन्यांच्या करारांत बहुधा "दर अकरा महिन्यांनी पाच टक्के" असं वाक्य असतं. तसं असेल तर पत्र म्हणजे नुसती आठवण. कोणत्या कलमानुसार, कोणत्या तारखेपासून, किती रुपये, एवढं सांगितलं की झालं.

आपल्या उदाहरणात तशी तरतूद नाही. म्हणजे ३१ जुलैपर्यंत भाडं चौदा हजारच. जूनमध्ये पत्र पाठवून "पुढच्या महिन्यापासून पंधरा" असं घरमालकाला म्हणता येत नाही, कारण नोंदवलेल्या कराराची रक्कम एकतर्फी पत्राने बदलत नाही. पत्र फक्त एवढंच म्हणू शकतं की हा करार संपल्यावर नवा करार करायचा असेल तर तो या रकमेला होईल. नव्या करारात किती वाढ मागायची याला लायसन्सच्या बाबतीत कायद्याची मर्यादा नाही. बाजार आणि शहाणपण, एवढीच मर्यादा.

इथे एक गोंधळ नेहमी होतो. "कायद्याने वर्षाला चारच टक्के वाढ करता येते" असं कोणीतरी सांगतं. ते चार टक्के महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ११ मधले आहेत आणि ते जुन्या संरक्षित भाडेकरूंसाठी आहेत, पागडीच्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्यांसाठी. अकरा महिन्यांच्या लायसन्सला ते लागू नाहीत. उलट, समोर जुना संरक्षित भाडेकरू असेल तर या लेखातला नमुना वापरूच नका. तिथे थकलेल्या भाड्यासाठी ताब्याचा दावा लावण्याआधी लेखी नोटीस देऊन नव्वद दिवस थांबावं लागतं. तो वेगळाच मामला आहे.

दुसरा गोंधळ अकरा महिन्यांचा. वर्षापेक्षा कमी मुदतीच्या भाडेपट्ट्याला नोंदणी लागत नाही, या केंद्रीय कायद्यातल्या सवलतीमुळे ही अकराची सवय देशभर पडली. महाराष्ट्रात तिचा उपयोग नाही. याच १९९९ च्या कायद्याचं कलम ५५ सांगतं की करार लेखी हवा आणि नोंदवलेला हवा, आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. नोंदणी नसेल आणि अटींवरून वाद झाला, तर उलट सिद्ध होईपर्यंत भाडेकरू सांगेल त्या अटी धरल्या जातात. भाडेवाढीच्या पत्राशी याचा थेट संबंध आहे. व्हॉट्सॲपवर "पंधरा हजार चालेल" असं ठरलं आणि नवा करार नोंदवलाच नाही, तर पुढे भाडेकरू "चौदाच ठरले होते" म्हणाला की सिद्ध करण्याचं ओझं घरमालकावर येतं.

नोंदणीचा खर्च ऐकून लोक टाळतात, म्हणून एकदा आकडाच काढू. अकरा महिन्यांचं भाडं १,६५,०००. परत मिळणाऱ्या अनामतीवर वर्षाला दहा टक्के दराने व्याज धरायचं, म्हणजे चाळीस हजारांवर अकरा महिन्यांचे ३,६६७. बेरीज १,६८,६६७. तिच्या पाव टक्का मुद्रांक शुल्क, म्हणजे साधारण ४२२ रुपये (प्रत्यक्षात रक्कम वर गोल होते), आणि शहरी भागात नोंदणी फी हजार रुपये. वर एजंट घेईल ते. एका महिन्याच्या भाड्याच्या तुलनेत हे काहीच नाही. कोणी द्यायचं ते मात्र पत्रातच लिहावं. नाहीतर नोंदणीच्या दिवशी त्यावरूनच कुरबुर होते.

पत्राची वेळही महत्त्वाची आहे. करार संपायला दीड-दोन महिने असताना पत्र गेलं तर भाडेकरूला दुसरं घर शोधायला वेळ मिळतो आणि घरमालकाला उत्तर मिळतं. २८ जुलैला पत्र पाठवलं तर एक ऑगस्ट उजाडतो आणि करार नसलेला माणूस घरात राहतोय, अशी स्थिती होते. मुदत संपूनही लायसन्सवरचा माणूस घर सोडत नसेल तर कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो आणि दुप्पट दराने नुकसानभरपाई मागता येते. पण बोलणी चालू असताना पहिल्याच पत्रात हे कलम लिहिणं म्हणजे चहाला बोलावून दारात कुत्रा बांधण्यासारखं आहे.

लाईटचा हिशेब: एका युनिटचे किती रुपये?

आता अवघड भाग. वरच्या मजल्याला स्वतंत्र मीटर असता तर प्रश्नच नव्हता, बिल जसं आलं तसं भाडेकरूने भरायचं. पण मीटर एकच असला की टप्प्यांचा प्रश्न येतो. घरगुती दर पहिल्या शंभर युनिटना कमी, १०१ ते ३०० ला बरेच जास्त, ३०१ ते ५०० ला त्याहून जास्त, असे चढत जातात. दोन घरांचा वापर एकाच मीटरवर एकत्र झाला की दोघंही वरच्या टप्प्यात ढकलले जातात.

समजायला सोपं जावं म्हणून इथे दर गोल धरले आहेत. तुमच्या पत्रात तुमच्या बिलावरचे खरे आकडे घ्या. वीज आकार आणि वहन आकार मिळून पहिल्या शंभर युनिटना ६ रुपये, १०१ ते ३०० ला १२ रुपये, ३०१ च्या पुढे १६ रुपये. स्थिर आकार १३०. या सगळ्यावर १६ टक्के वीज शुल्क. इंधन समायोजन आकार तूर्त सोडून देऊ.

४ मे ते ४ जून या महिन्यात मुख्य मीटरवर ३८४ युनिट पडले. पहिल्या शंभरचे ६००, पुढच्या दोनशेचे २,४००, वरच्या ८४ चे १,३४४. स्थिर आकार धरून ४,४७४, आणि शुल्क लावून बिल ५,१९० रुपये. सब-मीटरवर भाडेकरूचे १८१ युनिट दिसतात, म्हणजे घरमालकाचे २०३.

भाडेकरूचा वाटा किती? तीन घरमालकांना विचारलं तर तीन उत्तरं येतील. पहिला म्हणेल, "माझे २०३ मी नेहमीच वापरतो, ते आधी मोजा. वरचे महागडे युनिट तुझ्यामुळे आले." तसा हिशेब केला तर स्थिर आकार न धरताही भाडेकरूच्या माथी २,९०९ रुपये येतात. दुसरा म्हणेल, भाडेकरूचा स्वतंत्र मीटर असता तर १८१ युनिटचं जे बिल आलं असतं तेवढंच घ्यावं. ते १,९७४ रुपये होतं. तिसरा पूर्ण बिलाला एकूण युनिटने भागेल: ५,१९० भागिले ३८४, म्हणजे युनिटला साधारण साडेतेरा रुपये, आणि १८१ युनिटचे २,४४६.

पहिली पद्धत टिकत नाही, कारण कोणाचे युनिट आधी आणि कोणाचे नंतर हे मीटरला ठाऊक नसतं. दुसरी भाडेकरूला गोड आहे, पण त्यात बिलाची बेरीज जुळत नाही. दोघांचे वेगळे मीटर असते तर दोन बिलं मिळून सुमारे ४,२५५ झाली असती. एकत्र आल्यामुळे ५,१९० झालं. मधले ९३५ रुपये कोणीच वापरलेले नाहीत, ते केवळ एका मीटरमुळे लागले. तिसऱ्या, सरासरीच्या पद्धतीत हे ९३५ वापराच्या प्रमाणात दोघांत वाटले जातात. करारात काही लिहिलेलं नसेल तर हीच पद्धत सर्वात कमी भांडणाची आहे. आणि उन्हाळ्यात महिन्याला हजाराच्या आसपास असे फुकट जात असतील, तर वरच्या मजल्याला महावितरणची वेगळी जोडणी मिळते का याची चौकशी दोघांनी मिळून करावी.

"युनिटला सरसकट पंधरा रुपये" असा ठोकळ दर काही ठिकाणी चालतो. तो बिलाच्या सरासरीपेक्षा जास्त असेल तर घरमालक वीज विकून नफा कमावतोय असा अर्थ होतो, आणि वीज विकायचा परवाना वितरण कंपनीकडे असतो, घरमालकाकडे नाही. बिलाएवढंच घ्यावं.

हिशेब चुकण्याच्या जागा ठरलेल्या आहेत. सर्वात जास्त चुकतं ते बिलाचा फोटो पुढे पाठवताना. बिलाच्या तळाशी "देय रक्कम" असते तीत मागची थकबाकी धरलेली असते. घरमालकाने एप्रिलचं बिल भरलं नाही तर मेच्या बिलात एप्रिल पुन्हा दिसतो. तळाचा आकडा घेऊन वाटा काढला की भाडेकरूकडून एप्रिल दोनदा वसूल होतो. घ्यायचा तो फक्त चालू महिन्याच्या आकारांचा आकडा. उशिरामुळे लागलेला सव्वा टक्का विलंब आकारही, भाडेकरूने त्याचा वाटा वेळेवर दिला असेल तर, त्याच्यावर टाकू नये.

दुसरी जागा रीडिंगच्या तारखांची. मुख्य मीटरचं रीडिंग चार तारखेला होतं आणि सब-मीटर घरमालक एक तारखेला पाहतो. उन्हाळ्यात तीन दिवसांत वीस युनिट सहज इकडचे तिकडे होतात. ज्या दिवशी मुख्य मीटरचा फोटो घेतला जातो त्याच दिवशी सब-मीटरचा फोटो घ्यावा. शिवाय बऱ्याच सब-मीटरवर शेवटचा अंक दशांशाचा असतो, कधी लाल चौकटीत, कधी टिंबानंतर. ४६८४.३ हे ४६८४३ असं वाचलं की दहापट वापर दिसतो. चूक पकडायचा सोपा मार्ग म्हणजे मुख्य मीटरच्या युनिटमधून सब-मीटरचे युनिट वजा करून पाहणं. उरलेला आकडा घरमालकाच्या नेहमीच्या वापराशी जुळत नसेल किंवा उणे येत असेल, तर पत्र पाठवू नका, रीडिंग पुन्हा पाहा.

तिसरी, सरासरी बिल. फाटक बंद होतं किंवा मीटर वाचता आला नाही तर मागच्या वापरावरून अंदाजे बिल येतं आणि मागील व चालू रीडिंग सारखंच दिसतं. त्या महिन्याचा हिशेब तेव्हाच करू नये. पुढे खरं रीडिंग आलं की दुरुस्ती होते, तोवर थांबावं. उन्हाळा सरासरीवर गेला आणि पावसाळ्यात सगळे युनिट एकदम पडले, तर "एवढं बिल कसं?" हा वाद दोघांची काहीही चूक नसताना होतो.

आणि चौथी, सुरक्षा ठेव. वर्षातून एकदा महावितरण वापर वाढलेल्या ग्राहकाला अतिरिक्त सुरक्षा ठेवीचं वेगळं बिल पाठवतं. ती रक्कम ग्राहकाच्या, म्हणजे घरमालकाच्या, नावावर जमा राहते आणि तिच्यावर त्याला व्याजही मिळतं. ती भाडेकरूच्या थकबाकीत लिहिणं चूक आहे. आपला भाडेकरू उद्या घर सोडून गेला तर ती ठेव त्याला कोण परत देणार?

पत्र

आता उदाहरणातलं पत्र. मार्च आणि एप्रिलमध्ये सुरू होणाऱ्या दोन बिलांचे आकडेही त्याच गोल दरांनी काढले आहेत.

दिनांक: १२ जून २०२६

प्रति,
श्री. (भाडेकरूचे पूर्ण नाव)
पहिला मजला, (घराचा पत्ता)

विषय: १) ३१ जुलै २०२६ नंतरच्या नव्या करारातील भाडे २) मार्च ते जून या काळातील वीजबिलाची बाकी

स. न. वि. वि.

१) आपला लिव्ह अँड लायसन्स करार (नोंदणी क्रमांक ..., दिनांक ...) ३१ जुलै २०२६ रोजी संपत आहे. त्या दिवसापर्यंत भाडे करारानुसार दरमहा १४,००० रुपये हेच राहील. आपणास पुढे राहावयाचे असल्यास १ ऑगस्ट २०२६ पासून अकरा महिन्यांचा नवा करार दरमहा १५,००० रुपये भाड्याने करण्यास मी तयार आहे. अनामत रक्कम ४०,००० रुपये तीच राहील. मुद्रांक शुल्क व नोंदणी फी दोघांनी निम्मी-निम्मी द्यावी असे सुचवतो. आपला निर्णय ३० जूनपर्यंत लेखी कळवावा. राहावयाचे नसल्यास ३१ जुलै रोजी घराचा ताबा द्यावा.

२) सब-मीटरनुसार आपल्या वीजवापराचा हिशेब असा आहे:

४ मार्च ते ४ एप्रिल: रीडिंग ४२१० ते ४३३८, वापर १२८ युनिट. घराचे एकूण युनिट २९६, चालू बिल ३,५७५. आपला वाटा १,५४६ रुपये.
४ एप्रिल ते ४ मे: रीडिंग ४३३८ ते ४५०३, वापर १६५ युनिट. एकूण युनिट ३५०, चालू बिल ४,५५९. आपला वाटा २,१४९ रुपये.
४ मे ते ४ जून: रीडिंग ४५०३ ते ४६८४, वापर १८१ युनिट. एकूण युनिट ३८४, चालू बिल ५,१९०. आपला वाटा २,४४६ रुपये.

एकूण ६,१४१ रुपये. आपण २० एप्रिल रोजी वीजबिलापोटी दिलेले १,५०० रुपये वजा जाता बाकी ४,६४१ रुपये.

वाटा काढताना चालू महिन्याच्या बिलास एकूण युनिटने भागून आपल्या युनिटने गुणले आहे. मागील थकबाकी, विलंब आकार व सुरक्षा ठेव यात धरलेली नाही. तिन्ही बिलांच्या प्रती व सब-मीटरचे फोटो सोबत जोडले आहेत. ही रक्कम २७ जूनपर्यंत द्यावी. एकरकमी शक्य नसल्यास जून व जुलै अशा दोन हप्त्यांत द्यावी, मात्र तसे कळवावे. हिशेबात काही चूक आढळल्यास कोणत्या महिन्याची ते २० जूनपर्यंत सांगावे, आपण दोघे मिळून मीटर पाहू.

पैसे पाठवताना "भाडे" किंवा "वीज" आणि महिना नमूद करावा.

कळावे,
(घरमालकाची सही व नाव)
सोबत: बिलांच्या प्रती ३, मीटरचे फोटो ४

तीन महिन्यांना चार फोटो, कारण सुरुवातीचं ४२१० हे रीडिंगही दाखवावं लागतं. बरेच जण तेच विसरतात आणि सगळा हिशेब हवेत लोंबकळतो.

पत्रातलं "भाडे किंवा वीज नमूद करावं" हे वाक्य साधं दिसतं, पण त्याला भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ५९ ते ६१ चा आधार आहे. एकाच माणसाचं दोन प्रकारचं देणं असेल तर पैसे कशापोटी दिले हे देणाऱ्याने सांगायचं. त्याने सांगितलं नाही आणि परिस्थितीवरूनही कळत नसेल, तर घेणारा ठरवू शकतो. दोघांनीही ठरवलं नाही तर जुनं देणं आधी फिटतं. आता समजा भाडेकरूने जुलैत यूपीआयने नुसते १४,००० पाठवले, शेरा काहीच नाही. घरमालकाने त्यातले ४,६४१ विजेला वळते केले तर जुलैचं भाडं अपुरं भरल्यासारखं दिसतं. चौदा हजार हा आकडाच भाड्याचा असल्याने भाडेकरूला बाजू मांडता येईल, पण शेऱ्यात "भाडे जुलै" हे दोन शब्द टाकले असते तर वाद उभाच राहिला नसता.

पत्र हातात देणार असाल तर दुसऱ्या प्रतीवर "मिळाले" असं लिहून तारखेसह सही घ्या. सही म्हणजे हिशेब मान्य असा अर्थ होत नाही, हे भाडेकरूला सांगा, म्हणजे तो बिचकत नाही. तो टाळत असेल तर पोचपावतीसह स्पीड पोस्टाने पाठवा आणि त्याच दिवशी व्हॉट्सॲपवर प्रत टाका.

जे लिहू नये

"पैसे दिले नाहीत तर लाईट तोडू." भाडे नियंत्रण कायद्याचं कलम २९ घरमालकाला पुरेशा कारणाशिवाय वीज-पाण्यासारख्या आवश्यक सेवा तोडायला किंवा अडवायला मनाई करतं. वीज ही मूलभूत सोय आहे, माणसाला तिच्यापासून वंचित ठेवता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानेही २०२२ मध्ये भाडेकरूच्याच प्रकरणात म्हटलं आहे. लायसन्सवाला "भाडेकरू" ठरतो की नाही यावर वकील वाद घालतील, पण रात्री सब-मीटरचा फ्यूज काढणाऱ्या घरमालकाची बाजू त्याने बळकट होत नाही. खुद्द वीज कंपनीलासुद्धा थकबाकीसाठी जोडणी तोडण्याआधी पंधरा पूर्ण दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते.

"बिल भरल्याशिवाय करार वाढवणार नाही" हेही टाळावं. करार वाढवायचा की नाही हा घरमालकाचा हक्क आहेच, तो न वापरताही राखता येतो. पण दोन गोष्टी एकमेकींना बांधल्या की भाडेकरू म्हणतो, "करार वाढवत नसाल तर बिल कशाला भरू?" आणि जी मागणी स्वतःच्या पायावर उभी होती ती लंगडी होते.

अनामतीतून कापून घेण्याची घाईही नको. करारात बहुधा असं असतं की घर सोडताना बाकी वजा करून अनामत परत द्यायची. राहत्या भाडेकरूची अनामत मधेच कमी केली तर घर सोडताना मोडतोडीसाठी हातात काही उरत नाही.

भाडेकरूने काय तपासायचं

पत्र आलं की आधी आपल्या सहीच्या करारात विजेबद्दल काय लिहिलंय ते वाचावं. "वीजबिल परवानाधारकाने भरावे", म्हणजे भाडेकरूने, एवढंच असेल आणि सब-मीटरचा उल्लेख नसेल, तर सरासरीची पद्धत मान्य आहे असं एकदा लिहून द्यावं, म्हणजे पुढचे महिने सुरळीत जातात.

मग मीटर. वरच्या मजल्यावरचं सगळं बंद करा, फ्रिज आणि वायफायसुद्धा, आणि सब-मीटरवरचा लुकलुकणारा लाल दिवा पाहा. दहा मिनिटांतही तो लुकलुकत राहिला तर तुमच्या मीटरवर दुसरं काहीतरी जोडलेलं आहे. बहुधा तो जिन्याचा दिवा किंवा पाण्याचा पंप निघतो. एक अश्वशक्तीचा पंप रोज तासभर चालला तर महिन्याला तीसेक युनिट खातो. मेच्या सरासरी दराने ते चारशे रुपये होतात.

मीटर पळतोय का हेही घरी पाहता येतं. मीटरवर 3200 imp/kWh असं काही लिहिलेलं असतं. म्हणजे एका युनिटला दिवा ३,२०० वेळा लुकलुकतो. बाकी सगळं बंद ठेवून फक्त १,००० वॉटचा हीटर किंवा इस्त्री लावली तर तासाला एक युनिट जळतं, म्हणजे मिनिटाला सुमारे त्रेपन्न वेळा दिवा लुकलुकायला हवा. इस्त्री तापली की आपोआप बंद होते, म्हणून ती चालू असतानाचाच मिनिट मोजा. व्होल्टेज कमी-जास्त असल्याने पन्नासच्या आसपास काहीही ठीक आहे. सत्तर आले तर मीटरमध्ये खोट आहे आणि तीन महिन्यांचा हिशेब थांबवून आधी सब-मीटर बदलायला हवा.

उत्तर देताना "बिल जास्त वाटतं" असं लिहू नये. "एप्रिलच्या १६५ युनिटांत पंपाचे युनिटही आहेत, ते वगळून पुन्हा हिशेब करावा, बाकीच्या दोन महिन्यांचे ३,९९२ मान्य आहेत, त्यातले दिलेले १,५०० वजा करून २,४९२ आज पाठवत आहे" असं लिहावं. मात्र लेखी मान्य केलेल्या रकमेला एक परिणाम असतो: वसुलीची तीन वर्षांची मुदत त्या तारखेपासून पुन्हा मोजली जाते. म्हणून जेवढं खरोखर देणं आहे तेवढंच मान्य करावं, आणि वादातला महिना नाव घेऊन बाजूला ठेवावा.